e^x = 3x : १.१ पासून निघालं तर न्यूटनची रीत ७२ वर का जाते?

रेवा_

नमस्कार मंडळी. न्यूमरिकल मेथड्स शिकतेय, एका ठिकाणी अडलेय.

e^x = 3x हे समीकरण सोडवायचंय. x एकीकडे घातांकात आणि दुसरीकडे मोकळा, त्यामुळे नेहमीच्या बीजगणितानं तो एकटा काढता येत नाही. म्हणून f(x) = e^x - 3x घेतलं, f'(x) = e^x - 3, आणि प्रत्येक वेळी नवा x म्हणजे जुना x वजा f/f'.

० पासून निघाले तर क्रमाने ०.५, ०.६१००६०, ०.६१८९९७, ०.६१९०६१ असं येतं आणि पुढे सहा दशांशांपर्यंत काही हलत नाही. झकास.

मग १.१ पासून निघून पाहिलं. पहिल्याच पायरीला ७२.११११! त्यापुढे ७१.११११, ७०.११११, ६९.११११... प्रत्येक वेळी बरोब्बर एकानं कमी. प्रोग्राम तपासला, तीच ओळ आहे:

```python
from math import exp
x = 1.1
for n in range(80):
    x = x - (exp(x) - 3*x) / (exp(x) - 3)
    print(n + 1, x)
```

१.१ ला e^x होतो ३.००४ आणि 3x होतो ३.३. फरक जेमतेम ०.३, म्हणजे मूळ जवळच असणार ना? मग रीत इतक्या लांब का फेकते? आणि खाली येताना एक-एकच का?

---

जुना_मास्तर

रेवाताई, प्रोग्राम बरोबर आहे. तो थांबवू नका, चालू द्या. शेवटी १.५१२१३५ वर येऊन थांबेल. या समीकरणाला दोन मुळं आहेत आणि हे दुसरं.

आता फेकलं का ते. फरक ०.३ आहे हे तुम्ही पाहिलंत, पण रीत त्या फरकाला उताराने भागते. १.१ ला उतार किती? ३.००४१६६ वजा ३, म्हणजे ०.००४१६६. स्पर्शिका जवळजवळ आडवी. ०.२९५८ ला ०.००४१६६ ने भागा, ७१.०१ येतं. ते १.१ मध्ये मिळवलं की ७२.११.

हे f कागदावर काढून बघा. डावीकडून उतरत येतं, ०.६१९ पाशी अक्ष ओलांडून खाली जातं, x = ln 3 म्हणजे १.०९८६ ला तळ गाठतं, पुन्हा चढून १.५१२ पाशी अक्ष ओलांडतं. तळाला f ची किंमत उणे ०.२९५८. म्हणजे दोन मुळांच्या मधे f कुठेही मोठं नाहीच, सगळीकडे ०.३ च्या आतच आहे. त्यामुळे "f लहान आहे म्हणजे मूळ जवळ आहे" हा अंदाज इथे चालत नाही. तुम्ही १.१ निवडलंत ते नेमकं तळाशी पडलं.

एक-एकने का उतरतं तेही सोपं आहे. ७२ ला e^x इतका राक्षसी असतो की 3x आणि ३ त्याच्यापुढे दिसतही नाहीत. मग f/f' म्हणजे e^x भागिले e^x, म्हणजे १. निव्वळ e^x च्या आलेखाला कुठेही स्पर्शिका काढा, ती अक्षाला स्पर्शबिंदूच्या बरोबर एक एकक डावीकडे छेदते. तुमचा प्रोग्राम तेच करतोय.

---

खटपट्या

मास्तरांनी मस्त सांगितलंय. लक्षात ठेवायला माझा नियम: दोन मुळं असली की ज्या मुळाच्या जवळून निघाल त्या मुळाला पोचता. ०.६१९ जवळ असेल तर ते, १.५१२ जवळ असेल तर ते. आणि न्यूटनमध्ये दर पायरीला बरोबर अंक दुप्पट होतात, त्यामुळे ७२ वर गेलं तरी घाबरायचं कारण नाही, पटकन येतं परत.

---

मनस्विनी

खटपट्या, पहिल्या नियमाला एक उदाहरण देते. १.०८ घ्या. तिथून १.५१२ चं अंतर ०.४३२ आणि ०.६१९ चं अंतर ०.४६१. म्हणजे मोठं मूळ जवळ. तुमच्या नियमाने १.५१२ यायला हवं.

प्रत्यक्षात पहिल्या पायरीला उणे ४.२६ येतं, मग ०.०२५, आणि तिथून ०.६१९ कडे. जवळचं सोडून लांबचं मूळ मिळालं.

वाटणी होते ती तळाशी, १.०९८६ ला. त्याच्या डावीकडे उतार उणे आहे, उजवीकडे अधिक. दोन मुळांचा मध्य येतो १.०६५६, आणि त्या मध्याचा रीतीशी काही संबंध नाही. १.०६५६ ते १.०९८६ या पट्टीत तुमचा नियम प्रत्येक वेळी उलटं उत्तर देईल.

---

खटपट्या

पट्टी केवढीशी आहे, ०.०३! व्यवहारात माझा नियम चालेल की.

---

मनस्विनी

याच समीकरणात चालेल, बहुतेक वेळा. पण मोठ्या k साठी e^x = kx घ्या, पट्टी रुंदावत जाते. दोन मुळांच्या मधे f चा आलेख मध्याभोवती सारखा नसतो, उजवीकडे तो जास्त घाईने चढतो. तळ कुठे आहे हे f' = 0 वरून एका ओळीत कळतं, मग अंदाजाने कशाला चालायचं?

"पटकन येतं परत" हेही तपासायला हवं. रेवा, १.१ पासून किती पायऱ्या झाल्या?

---

रेवा_

आत्ता ८० पायऱ्या पूर्ण चालवून पाहिलं. सत्तरच्या पुढे जाईपर्यंत नुसतं उतरणंच चाललं होतं. ५ च्या खाली आल्यावर पाऊल एकाहून लहान होऊ लागतं, आणि सहा दशांश मिळायला पंचाहत्तरीच्या आसपास जावं लागलं.

मजा म्हणजे २ पासून निघाले तर १.६८३५, १.५४३५, १.५१३५, १.५१२१४. चार-पाच पायऱ्यांत काम झालं.

---

जुना_मास्तर

हेच खटपट्यांना सांगायचं होतं. अंक दुप्पट होणं हा मुळाजवळचा गुण आहे. लांबून निघालात तर तो दिसतच नाही.

जवळ कसा दिसतो बघा. लहान मूळ ०.६१९०६१२८७. रेवाताईंच्या ० पासूनच्या पायऱ्यांत राहिलेली चूक अशी: ०.५ ला ०.११९, मग ०.००९०, मग ०.००००६४५, मग ०.००००००००३. प्रत्येक चूक साधारण आधीच्या चुकीच्या वर्गाच्या ०.८ पट. तो ०.८ कुठून येतो? f'' भागिले 2f', मुळाशी घेतलेलं: १.८५७ भागिले २.२८६ म्हणजे ०.८१. आकडा मांडून पाहा, जुळतो.

मात्र चूक १ पेक्षा मोठी असेल तर वर्ग करून ती लहान कशी होईल? म्हणून ७२ वरून दर पायरीला एकच.

---

वाचनमात्र

मी पण करून पाहिलं पण माझी उत्तरं वेगळी येतायत. मला १.८५७१८ आणि ४.५३६४० मिळालं. दोन्ही e^x मध्ये टाकून तपासली, x चा घन बरोबर जुळतो. तुम्हा सगळ्यांची ०.६१९ आणि १.५१२ कशी काय?

---

कोडवाला

तुम्ही x चा घन घेतलात. समीकरणात तीन गुणिले x आहे.

---

मनस्विनी

थांबा थांबा, हे भारी आहे! वाचनमात्र यांची उत्तरं ३ ने भागून बघा. १.८५७१८ भागिले ३ म्हणजे ०.६१९०६. ४.५३६४० भागिले ३ म्हणजे १.५१२१३.

योगायोग नाही हा. e^x = x^3 चं दोन्हीकडे घनमूळ घ्या: e^(x/3) = x. आता x/3 ला u म्हणा. e^u = 3u. तेच समीकरण! म्हणजे घन समजून सोडवलं तरी शेवटी ह्याच दोन मुळांची तिप्पट मिळते. वाचनमात्र, तुम्ही वेगळ्या वाटेनं येऊन आमची उत्तरं तपासून दिलीत.

---

वाचनमात्र

अरे वा! हे ठाऊक नव्हतं. पण मग ४ आणि पाचव्या घातालाही असंच होईल का?

---

मनस्विनी

होईल. e^x = x^n ची धन मुळं म्हणजे e^u = nu च्या मुळांची n पट. n सम असेल तर आणखी एक उणे मूळ असतं, ते या बदलात सापडत नाही, कारण घात सम असला की घातमूळ घेताना चिन्ह हरवतं.

---

चतकोर

एवढा भागाकार, डेरिव्हेटिव्ह कशाला? x = e^x/3 असं लिहा आणि उजवीकडची किंमत पुन्हा पुन्हा उजवीकडे घाला. ० वरून ०.३३३३, ०.४६५२, ०.५३०८, ०.५६६८... साध्या कॅल्क्युलेटरवर एक बटण दाबत बसायचं. उतारच नाही तर आडव्या स्पर्शिकेची भीतीही नाही. मी तर कायम हेच वापरतो, कुठूनही चालतं.

---

जुना_मास्तर

चतकोर, लहान मुळासाठी चालतं हे खरं. पण "कुठूनही" नाही. १.६ पासून करून बघा.

---

चतकोर

१.६ वरून १.६५१, १.७३७, १.८९४, २.२१६, ३.०६... मग सुटलंच. बरं, पण १.५ वरून निघालो तर हळूहळू ०.६१९ ला येतं.

---

जुना_मास्तर

बरोबर, आणि मोठं मूळ तुम्हाला या मांडणीत कधीच मिळणार नाही. कारण असं: या रीतीत मुळाजवळची चूक दर पायरीला e^x/3 च्या उताराने गुणली जाते, आणि तो उतारसुद्धा e^x/3 च. मुळाशी e^x = 3x, म्हणून तो गुणक म्हणजे खुद्द मूळच. ०.६१९ पाशी चूक ०.६१९ पट होते, म्हणून जुळतं. १.५१२ पाशी दीडपट होते, म्हणून मूळ तुम्हाला ढकलून देतं.

जुळतं तिथेही वेग बघा. दर पायरीला चूक ०.६२ पट, म्हणजे एक दशांश अंक मिळवायला जवळपास पाच पायऱ्या.

मोठं मूळ याच पद्धतीने हवं असेल तर उलटं लिहा: x = ln(3x). तिथे गुणक १/१.५१२ म्हणजे ०.६६. तेही हळू, पण येतं.

---

चतकोर

मान्य, पण हळू असलं तरी सत्तर पायऱ्यांच्या उतरणीपेक्षा बरंच की! आणि मला चार अंकच हवे असतात.

---

कोडवाला

सत्तर पायऱ्या हा चांगला शेवट आहे. याहून वाईट म्हणजे प्रोग्राम पडतो.

१.१ ऐवजी १.०९८७ घ्या. तळापासून फक्त ०.००००९ उजवीकडे. उतार ०.०००२६३, म्हणून पाऊल ११२४ चं. नवा x सव्वाअकराशेच्या आसपास. आता exp(1125) मागितलं की पायथन सरळ OverflowError: math range error देऊन थांबतो, कारण दुहेरी अचूकतेच्या आकड्यात साधारण ७०९ च्या पुढचा e^x मावतच नाही. ज्या भाषा असं थांबत नाहीत तिथे अनंत भागिले अनंत होऊन NaN येतो आणि पुढच्या सगळ्या ओळी NaN च्याच. आउटपुटमध्ये NaN दिसला तर बहुतेक वेळा पाच-दहा ओळी वर एखादी उडी सापडते.

उपाय साधा आहे. मोठं मूळ हवं असेल तर न्यूटन लावायच्या आधी दोन्हीकडे लॉग घ्या. x - ln(3x) = 0. याचा उतार 1 - 1/x, आणि वर from math import log जोडून, आवरून पायरी अशी होते:

```python
x = x * (log(3*x) - 1) / (x - 1)
```

रेवाच्याच ७२.११११ पासून: ४.४३८, २.०५१, १.५९४, १.५१५८, १.५१२१४, आणि पुढची पायरी १.५१२१३५. सत्तर पायऱ्यांचं काम सहात. x प्रचंड असला तरी त्याचा लॉग बेताचा असतो, त्यामुळे काही फुटत नाही.

---

रेवा_

हे अफाट आहे. समीकरण तेच, मुळं तीच, फक्त लॉग घेतल्यावर एवढा फरक? मग लहान मुळासाठीही हेच वापरू का?

---

कोडवाला

तिथे जपून. लॉगच्या मांडणीत तळ x = १ ला येतो. ०.९०६ आणि १ यांच्या मधून निघालात तर पुढचा x उणे येतो आणि उण्याचा लॉग मागितला की प्रोग्राम पडलाच. उदाहरणार्थ ०.९९ वरून उणे ८.७७. आणि अगदी शून्याजवळून निघालात तर वर सरकायला वेळ लागतो: ०.०१ वरून पहिल्या पायरीला जेमतेम ०.०४५५. मूळ मांडणी त्या बाजूला चांगली आहे.

---

मनस्विनी

यालाच जोडून. मूळ मांडणीत तळाच्या डावीकडून उडालं तर किती नुकसान होतं? रेवा, १.०९ टाकून बघ.

---

रेवा_

१.०९ → उणे १०.४०५ → ०.०००११५ → ०.५०००३ → ०.६१००...

अरेच्चा! उणे दहावरून एका पायरीत शून्यावर. उजवीकडे मात्र एक-एक.

---

मनस्विनी

हो. उजवीकडे गेलं की f म्हणजे जवळपास e^x, ज्याची स्पर्शिका एकच एकक मागे नेते. डावीकडे गेलं की e^x विरून जातो आणि f म्हणजे जवळपास -3x, म्हणजे सरळ रेषाच. रेषेची स्पर्शिका म्हणजे तीच रेषा, ती एका पायरीत तिच्या शून्यावर आणून सोडते. त्यामुळे या समीकरणात डावीकडे उडणं स्वस्त आणि उजवीकडे उडणं महाग.

१ पासून निघालं तर नेमका ० येतो, हेही पाहा. पायरी आवरून लिहिली की e^x (x - 1) / (e^x - 3) होते, त्यात x = १ टाकला की वर शून्य.

---

निशिगंध

माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण सांगते. माझ्या कामात असंच समीकरण येतं, फक्त ३ च्या जागी मोजून आलेला गुणक असतो. एकदा तो २.७ आला. प्रोग्राम थांबेचना. x कधी १ च्या आसपास घुटमळायचा, कधी एकदम लांब उडायचा, परत यायचा, पुन्हा उडायचा. सुरुवात बदलून पाहिली, पायऱ्यांची मर्यादा वाढवली, तरी तेच. गुणक ३ असताना तोच प्रोग्राम नीट चालतो. काय बिघडलं असेल?

---

खटपट्या

सुरुवात चुकीची असणार. तळाजवळून निघालात की असंच होतं, वर चर्चा झालीच आहे.

---

जुना_मास्तर

नाही, इथे सुरुवातीचा दोष नाही. निशिगंध, तुमच्या समीकरणाला उत्तरच नाही.

e^x - kx चा तळ x = ln k ला, आणि तिथली किंमत k(1 - ln k). k = ३ ला ती उणे ०.२९६ होती, म्हणून आलेख अक्षाखाली गेला आणि दोन मुळं मिळाली. k = २.७ ला ती अधिक ०.०१८. आलेख अक्षाला टेकायच्या जरा आधीच वर वळतो. सीमा आहे k = e, म्हणजे २.७१८२८. तिथे y = ex ही रेषा e^x ला x = १ पाशी नुसती स्पर्श करते.

मूळ नसलं तरी रीतीला ते ठाऊक नसतं. ती स्पर्शिका काढत राहते, तळाकडे येते, तळाशी उतार आडवा म्हणून उडते, पुन्हा येते.

ओळखायचं कसं: प्रत्येक पायरीला f चं चिन्ह छापा. सगळीच्या सगळी अधिक असतील आणि x स्थिरावत नसेल, तर तळाची किंमत काढा. या समीकरणात ते एका ओळीचं काम आहे.

---

निशिगंध

तळ ०.०१८. तपासला, खरंच वर आहे. पण मग पेच असा की माझा २.७ हा मोजलेला आकडा आहे, खरा २.७२ ही असू शकतो. तसा असेल तर?

---

जुना_मास्तर

२.७२ असेल तर मुळं आहेत: ०.९६५ आणि १.०३६ च्या आसपास. दोन्ही १ ला चिकटून. आणि k वाढवत गेलात की ती झपाट्याने दूर जातात, कारण सीमेजवळ मुळांमधलं अंतर k - e च्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं.

म्हणजे ०.०२ च्या फरकावर तुमचं उत्तर असणं-नसणंच ठरतंय. त्यावर न्यूटन काय, दुसरी कुठलीही रीत काही करू शकणार नाही. गुणक जास्त नेमका मोजावा लागेल.

---

निशिगंध

जास्त नेमका मोजणं सध्या शक्य नाही. गुणकाची कक्षा धरून "या मर्यादेत उत्तर आहे, याच्या खाली नाही" असं लिहिता येईल का याचा विचार करते. कोणी असं केलं असेल तर सांगा.

---

जिज्ञासू_०७

थोडं विषयांतर. न्यूटनने स्वतः ही रीत e^x वगैरेसाठी वापरली होती का?

---

मनस्विनी

त्याचं प्रसिद्ध उदाहरण बहुपदीचं आहे: y^3 - 2y - 5 = 0, १६६९ च्या लेखनातलं, जे छापून आलं १७११ मध्ये. सुरुवात २, आणि दर पायरीला नवी बहुपदी मांडून दुरुस्ती काढत जायची. त्यात उताराने भागायचं आजचं सूत्र नव्हतं. रॅफसनने १६९० मध्ये एकच सूत्र पुन्हा पुन्हा वापरायची सुटसुटीत रीत छापली, तीही बहुपदींसाठी. बहुपदी नसलेल्या समीकरणांसाठी अवकलज घेऊन सर्वसाधारण मांडणी थॉमस सिम्प्सनने १७४० मध्ये केली. म्हणजे e^x = 3x ला आपण जे लावतोय ते सिम्प्सनच्या जास्त जवळचं.

---

खटपट्या

थांबायचं कधी यावर कोणी बोललंच नाही. मी f ची किंमत दशलक्षांशाहून लहान झाली की थांबतो. सोपं.

---

कोडवाला

मी पाऊल किती लहान झालं ते बघतो. k = ३ ला दोन्हींत फार फरक पडत नाही, कारण मुळांपाशी उतार उणे १.१४ आणि अधिक १.५४ आहे, f आणि x मधली चूक साधारण सारख्याच मापाची. पण k = e घ्या. मूळ १ ला, आणि f तिथे वर्गासारखं सपाट. x मध्ये एक हजारांश चूक असली तरी f जेमतेम ०.०००००१४. तुमचा नियम तिसऱ्या दशांशालाच थांबेल.

---

खटपट्या

आणि तुमच्या नियमाने? तिथे चूक दर पायरीला फक्त निम्मी होते असं वाचलंय. ० पासून करून पाहिलं, ०.५८२, ०.८०६... खरंच निम्मी. मग पाऊल जेवढं, तेवढीच चूक अजून शिल्लक असणार.

---

कोडवाला

हो, तिथे तेवढी उरते. पण ती पावलाच्या मापाची तरी असते. मी दोन्ही अटी लावतो आणि वर पायऱ्यांची मर्यादा.

---

खटपट्या

तिथेही मूळ खरंच दुहेरी आहे की नुसतं जवळजवळ दुहेरी, हे प्रोग्रामला कसं कळणार? मला नाही पटत की एकच अट सगळीकडे चालेल.

---

रेवा_

सगळ्यांचे मनापासून आभार. माझा मूळ प्रश्न सुटला. एकच विचारते: परीक्षेत आलेख काढायला वेळ नसतो. या समीकरणात सुरुवात कुठून घेतली की उडी बसणारच नाही हे आधी सांगता येतं का?

---

जुना_मास्तर

येतं. तीन किंमती काढा: f(०) = १, f(१) = उणे ०.२८, f(२) = १.३९. चिन्ह दोनदा बदललं, म्हणजे एक मूळ ० आणि १ मध्ये, दुसरं १ आणि २ मध्ये. आता दोन्हींसाठी बाहेरचं टोक घ्या, जिथे f अधिक आहे. लहान मुळाला ०, मोठ्याला २.

कारण असं. f'' म्हणजे e^x, तो सगळीकडे अधिक, म्हणून आलेख सगळीकडे वर वळणारा आणि कुठलीही स्पर्शिका त्याच्या खालीच राहते. स्पर्शिका जिथे शून्य होते तिथे आलेख शून्याच्या खाली असूच शकत नाही. म्हणून नवा x कधीही दोन मुळांच्या मधे पडत नाही. बाहेरून निघालात तर बाहेरच राहता आणि मुळाकडे एका दिशेने सरकत जाता: ०, ०.५, ०.६१०, ०.६१८९ असं चढत, किंवा २, १.६८, १.५४, १.५१३ असं उतरत. पायऱ्यांच्या यादीत मधेच दिशा उलटली तर आकडेमोडीत चूक आहे असं समजा.

मधून निघालात तर फक्त पहिली उडी बेभरवशाची, त्यानंतर तुम्ही बाहेरच. १.१ ला तेच झालं.

---

मनस्विनी

आणि पेपरात हे वाक्य लिहायला विसरू नकोस, "f'' > 0 आणि f(x₀) > 0 म्हणून". नुसतं "x₀ = 2 घेऊ" लिहिलं तर परीक्षक विचारू शकतात, २ च का.

---

रेवा_

लिहीन. आता e^x = 10x वर हेच करून बघते. f(०) = १, f(१) = उणे ७.२८, f(३) = उणे ९.९, f(४) = १४.६. म्हणजे लहान मुळाला ० आणि मोठ्याला ४. ० वरून पहिली पायरी ०.११११ आली.

---

चतकोर

मीही माझ्या पद्धतीने करतो, x = e^x/10. ०.१, ०.११०५, ०.१११७, ०.१११८. तुझ्या उत्तराशी पडताळून बघ. इथे गुणक मुळाएवढाच, ०.११, म्हणजे दर पायरीला जवळपास एक अंक. यात तरी माझी पद्धत हळू म्हणता येणार नाही!